‘हो, वापरा ना’: एका लोगोच्या परवानगीचं प्रकरण

रबाळे एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. सोसायट्यांच्या पंपरूममध्ये लागणारी कंट्रोल पॅनेल आम्ही बनवतो. माणसं बावीस, आणि मार्केटिंग म्हणजे मी एकटी. कोटेशनही मीच टाइप करते, प्रदर्शनात स्टॉलवरही मीच उभी असते. आमची पॅनेल ज्या पंपांसोबत जास्त जातात ती पंप कंपनी मोठी आहे. तिचं मुख्यालय दुसऱ्या शहरात, आणि ठाण्यात वागळे इस्टेटला शाखा. दोन वर्षांपासून घोडबंदर रोड आणि कोलशेतच्या टॉवरांमध्ये पंप त्यांचे आणि पॅनेल आमचं अशी जोडी लागते, तेव्हा दोघांचं मिळून एक माहितीपत्रक काढायचं ठरलं. वाशीला सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये प्रदर्शन होतं, तिथे सोसायट्यांच्या कमिटीवाल्यांना द्यायला. एफोर, दोन घड्या, सहा पानं, १७० जीएसएमचा आर्ट पेपर, तीन हजार प्रती.

पहिल्या पानावर दोन्ही लोगो शेजारी शेजारी असतील हे कोणी ठरवलं असं नाही, सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. आमच्या साहेबांनी ठाणे शाखेच्या विक्री व्यवस्थापकांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, ‘सर, ब्रोशरमध्ये तुमचा लोगो टाकतोय, चालेल ना?’ उत्तर आलं, ‘हो, वापरा ना’, पुढे अंगठा. साहेबांनी तो स्क्रीनशॉट मला पाठवला. मी तो जपून ठेवला आणि परवानगी मिळाली असं समजून कामाला लागले.

हे पुढे कोणी अधिकाऱ्याने पकडलं नाही. पकडलं ते तुर्भ्याच्या प्रिंटरने, आणि त्याला परवानगीशी काही घेणंदेणं नव्हतं. बुधवार होता, प्रदर्शनाला सोळा दिवस होते. प्लेट काढण्याआधी त्याने माझी पीडीएफ चारशे टक्के मोठी करून पाहिली आणि फोन केला, ‘ताई, हा लोगो कुठून उचलला?’ मी खरं सांगितलं, त्यांच्या वेबसाइटवरून. तो पीएनजी दोनशे पिक्सेल रुंद होता. छपाईला इंचाला तीनशे ठिपके धरले, तर दोनशे पिक्सेलचा लोगो जेमतेम १७ मिलिमीटर रुंद नीट छापता येतो. मी तो पहिल्या पानावर ४५ मिलिमीटर ताणला होता. स्क्रीनवर ठीक दिसत होता, कागदावर कडा फाटल्या असत्या. शिवाय वेबसाइटचा निळा आरजीबीतला, छपाई चार रंगांची. ‘त्यांच्याकडून ओपन फाइल मागवा,’ तो म्हणाला, ‘कर्व्ह केलेली, कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत ती. कोरल, पीडीएफ, काहीही चालेल.’

मी ठाण्याच्या सरांकडे फाइल मागितली. त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी माझा मेल मुख्यालयाच्या ब्रँड विभागाला पुढे पाठवला. तिथल्या बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं: फाइल कोणत्या वापरासाठी हवी आहे, आणि या वापराला परवानगी कोणी दिली आहे? मी उत्साहाने तो अंगठ्याचा स्क्रीनशॉट जोडून पाठवला. शुक्रवारी उत्तर आलं की शाखेला अशी परवानगी देण्याचा अधिकार नाही, आणि लेखी मंजुरी मिळेपर्यंत लोगो कुठल्याही साहित्यात छापू नये.

ठाण्याच्या सरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांच्या लेखी ‘लोगो टाकू का’ हा ओळखीतल्या माणसाने केलेला साधा प्रश्न होता, आणि ‘हो’ म्हणणं हा चांगुलपणा. विक्रीवाल्या माणसाला भागीदार खूश हवा असतो. पण लोगो त्यांच्या हातातली वस्तू नव्हती. चाळीतल्या भाडेकरूला ‘गच्चीवर मांडव घालू का’ विचारावं आणि तो ‘घाला की’ म्हणावा, तसं ते झालं. तो भला माणूस असतो, पण गच्ची त्याची नसते.

मग मी ते काम केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. आमचा आणि त्यांचा सहकार्य करार कपाटातून काढून वाचला. आमच्याकडे करार सही करताना वाचतात, नंतर नाही. त्यातल्या अकराव्या कलमात सगळं होतं: एकमेकांचं नाव, चिन्ह आणि लोगो जाहिरातीत किंवा प्रचार साहित्यात वापरायचं असेल तर आधी लेखी संमती घ्यायची, आणि ही संमती प्रत्येक साहित्यासाठी वेगळी. म्हणजे प्रश्न कधीच ‘लोगो वापरू का’ हा नव्हता. ‘हे अमुक पत्रक, असं, इतक्या प्रती, इतके दिवस’ एवढ्यापुरती संमती मागायची होती.

कायदाही याच दिशेचा आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार नोंदणीकृत चिन्ह जाहिरातीत किंवा व्यवसायाच्या कागदपत्रांवर छापणं हाही चिन्हाचा वापरच ठरतो, नुसतं मालावर चिकटवणं नव्हे. आणि दुसऱ्याने केलेला वापर ‘अनुमत वापर’ ठरायचा तर मालकाची संमती लेखी करारात हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा पुढे पुरावा म्हणून कामाला येईलही, पण तो मालकाच्या वतीने बोलू शकणाऱ्या माणसाचा असला तर.

इथे आणखी एक गाठ निघाली. शुक्रवारी संध्याकाळी मी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात त्या लोगोतलं नाव घालून पाहिलं. हा शोध फुकट असतो आणि दहा मिनिटांत होतो, त्यामुळे तो आधी न करण्याला माझ्याकडे काही कारण नाही. चिन्ह नोंदलेलं होतं, वर्ग ७, म्हणजे यंत्रं आणि पंप. पण मालक म्हणून नाव होतं समूहातल्या मूळ कंपनीचं, आमच्याशी करार केलेल्या कंपनीचं नाही. आमची भागीदार कंपनी स्वतःच तो लोगो मूळ कंपनीच्या परवानगीवर वापरत होती. भाडेकरू, भाडेकरू म्हणत होते, तर त्याच्या वरही एक घरमालक निघाला. आता ब्रँड विभागाच्या बाईंनी ‘हो’ म्हटलं तरी त्यांना वर विचारावं लागणार होतं. हे मला आधी कळल्यामुळे एक बरं झालं: पत्रात मी स्वतःच लिहिलं की चिन्हाच्या मालक कंपनीची संमती लागत असेल तर ती तुमच्यामार्फत मिळावी, त्यासाठी काही वेगळा कागद हवा असल्यास सांगा. नाहीतर हा मुद्दा चार दिवसांनी त्यांच्या कायदा विभागाकडून निघाला असता आणि तेवढे दिवस गेले असते.

दुसरी बाब वर्गाची. पंप वर्ग ७ मध्ये, आमची विजेची कंट्रोल पॅनेल वर्ग ९ मध्ये. आमच्या पत्रकात त्यांचा लोगो पहिल्या पानावर नेमका पॅनेलच्या फोटोच्या वर बसला होता. वाचणाऱ्याला वाटलं असतं की हे पॅनेलही त्यांनीच बनवलंय. माझ्या डोक्यात असं काही नव्हतं, डिझायनरने जागा रिकामी दिसली म्हणून तिथे टाकला होता. पण ब्रँडवाल्यांच्या दृष्टीने बघा: उद्या एखाद्या पंपरूममध्ये पॅनेल जळालं, तर सोसायटीचा सेक्रेटरी पत्रक काढून त्यांनाच फोन लावणार.

माझा पहिला मेल मी पुन्हा वाचला तेव्हा लाज वाटली. त्यात होतं: आपण एकत्र ब्रोशर काढत आहोत, कृपया लोगोची हाय-रिझोल्युशन फाइल लवकरात लवकर पाठवा. त्यात परवानगीचा शब्दच नव्हता, मी फाइल मागत होते. पत्रक कसलं, किती, कुणाला, कधीपर्यंत, काहीही नाही. ज्या बाईंसमोर असे रोज दहा मेल येत असतील त्या ‘कोणी परवानगी दिली?’ हेच विचारणार.

शनिवार-रविवार बसून मी दुसरा मेल लिहिला आणि सोमवारी सकाळी पाठवला. अकरा दिवस राहिले होते. मूळ इंग्रजीत होता, पण मराठीत सांगायचं तर असा:

‘विषय: संयुक्त माहितीपत्रकात लोगो वापरण्याची लेखी परवानगी, ३,००० छापील प्रती. निर्णय पुढच्या सोमवारी संध्याकाळी ६ पर्यंत मिळावा ही विनंती.

महोदया, आमची कंपनी तुमच्या पंपांसोबत कंट्रोल पॅनेल पुरवते. दोन्ही कंपन्यांमधल्या सहकार्य कराराची प्रत जोडली आहे; कलम ११ वर खूण केली आहे.

सोबतच्या पत्रकात (आवृत्ती ३) तुमचा लोगो दोन ठिकाणी वापरायचा आहे: पहिल्या पानावर खाली उजवीकडे, ३० मिलिमीटर रुंद, आणि शेवटच्या पानावर संपर्काच्या पट्टीत, २५ मिलिमीटर रुंद. दोन्ही जागा लाल चौकटीत दाखवल्या आहेत. लोगोशेजारी येणारा प्रत्येक शब्द पिवळ्या रंगात दाखवला आहे.

पत्रक ठाणे आणि नवी मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना हातोहात दिलं जाईल. छपाई एकदाच, ३,००० प्रती. वाटप ३१ मार्चपर्यंत. त्यानंतर उरलेल्या प्रती वापरणार नाही.

लोगोची छपाईयोग्य फाइल, रंगांचे आकडे आणि वापराचे नियम पाठवावेत. चिन्हाच्या मालक कंपनीची वेगळी संमती लागत असल्यास ती तुमच्यामार्फत मिळावी. छपाईआधीचं प्रूफ तुम्हाला दाखवल्याशिवाय छापणार नाही.

सोमवारपर्यंत निर्णय शक्य नसेल तर तसं कळवावं. आम्ही लोगो न वापरता पत्रक छापू.’

शेवटच्या ओळीबद्दल साहेब नाराज होते. ‘असं लिहिलं तर ते म्हणतील, मग छापा लोगोशिवाय,’ ते म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण उलट बाजूही होती. तारीख देऊन ‘नाहीतर अडकू’ म्हटलं की समोरच्याला वाटतं आपल्याला कोंडीत धरलंय, आणि कोंडीत धरलेला माणूस मोठ्या कंपनीत ‘नाही’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हणायला कोणाला विचारावं लागत नाही. शिवाय ती ओळ धमकी नव्हती. लोगोशिवायचं पत्रक मी खरंच तयार करून ठेवलं होतं. त्यात त्यांच्या कंपनीचं नाव साध्या अक्षरांत होतं, ‘अमुक पंपांसोबत चालणारी पॅनेल’ एवढंच. आपली वस्तू कशासोबत चालते हे सांगायला दुसऱ्याचं नाव घेणं भाग असेल, आणि ते प्रामाणिकपणे, गैरसमज होणार नाही असं घेतलं असेल, तर कायदा त्याला जागा देतो. तीच सवलत लोगोला मिळेल असं मानता येत नाही, कारण सोबत चालतं हे सांगायला नाव पुरतं, लोगो लागत नाही. आणि हे झालं कायद्याचं. आमच्या कराराचं कलम ११ नावाबद्दलही होतं, म्हणून लोगोशिवायच्या पत्रकाची पीडीएफही त्याच मेलला जोडली आणि नावापुरती संमती वेगळी मागितली. ती बाईंनी त्याच दुपारी देऊन टाकली. म्हणजे आता काहीही झालं तरी छापायला काहीतरी हातात होतं.

गुरुवारी उत्तर आलं. आठ दिवस होते. मंजुरी होती, पण अटींसह, आणि अटी वाचताना माझ्या लक्षात आलं की लोगोबद्दलच्या अटी सगळ्यात किरकोळ आहेत. भोवती लोगोच्या उंचीच्या निम्मी मोकळी जागा सोडा, २० मिलिमीटरपेक्षा लहान करू नका, गडद पार्श्वभूमीवर पांढरी आवृत्ती वापरा, रंग बदलू नका. सोबत फाइल आणि छपाईचे आकडे. डिझायनरने ते अर्ध्या तासात निपटलं. वेळ गेला तो लोगोशेजारच्या शब्दांवर.

पहिला शब्द ‘अधिकृत’. आम्ही लिहिलं होतं ‘अधिकृत तांत्रिक भागीदार’. त्यांनी तो काढायला सांगितला. साहेब चिडले, ‘दोन वर्षं त्यांच्यासोबत काम करतोय, अधिकृत नाही तर काय चोरून?’ मी ब्रँडच्या बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या की त्यांच्याकडे ‘अधिकृत’ हा दर्जा आहे, तो वितरकांना ठरावीक करारानंतर मिळतो, त्या वितरकांचे तंत्रज्ञ कंपनीकडे प्रशिक्षण घेऊन येतात, आणि तो शब्द पाहून ग्राहक वॉरंटीसाठी त्या वितरकाकडे जातो. आमच्याकडे ते काही नाही. म्हणजे आमच्यासाठी जे कौतुक होतं, ते त्यांच्यासाठी वॉरंटीची जबाबदारी कोणाची हे सांगणारं पद होतं. ‘भागीदार’ शब्दालाही त्यांच्या कायदा विभागाची हरकत होती, कारण दोन्ही कंपन्या मिळून भागीदारी संस्था आहे असा अर्थ निघू शकतो. हे मला जरा ताणलेलं वाटलं आणि अजूनही वाटतं. पण त्यांचा लोगो, त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं: ‘यांच्या पंपांसोबत चालणारी कंट्रोल पॅनेल’. कोरडं, पण खरं.

दुसरं वाक्य साहेबांचं लाडकं होतं: ‘विजेत ३० टक्के बचत!’ पहिल्या पानावर, दोन्ही लोगोंच्या बरोबर मधे. हा आकडा मानपाड्याच्या एका सोसायटीतून आला होता, जिथे पंपांचा वेग कमीजास्त करणारं आमचं पॅनेल बसवल्यावर तीन महिन्यांची बिलं आधीच्या वर्षाशी ताडून पाहिली होती. खोटा नव्हता. पण एका सोसायटीचा होता, आणि त्या सोसायटीत आधी पंप चोवीस तास पूर्ण वेगाने चालायचे. ज्यांच्याकडे पंप टाकी भरली की बंद होतात त्यांना एवढी बचत कधीच दिसणार नाही. बाईंनी विचारलं, ‘हे मोजमाप कोणाचं? आमचं नाही. मग आमच्या लोगोशेजारी का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांनुसार पारखून पाहता येणारा दावा केला तर त्याचा आधार दाखवता आला पाहिजे. आमचा आधार होता तीन बिलांच्या झेरॉक्स. ते वाक्य पहिल्या पानावरून काढलं आणि चौथ्या पानावर, फक्त आमच्या लोगोखाली, पूर्ण लिहिलं: मानपाड्याच्या एका सोसायटीत, अमुक प्रकारचे पंप, तीन महिन्यांची बिलं, एवढा फरक. उद्गारचिन्ह गेलं. गंमत अशी की प्रदर्शनात कमिटीवाले नेमकं तेच पान उघडून ‘आमच्याकडे किती होईल?’ विचारत होते.

तिसरी अट पॅनेलच्या फोटोची, ती मला अपेक्षितच होती. लोगो त्या फोटोपासून दूर न्यायचा, आणि शेवटच्या पानावर एक ओळ टाकायची: पंप यांचे उत्पादन, पॅनेल यांचे उत्पादन, वॉरंटी ज्याची त्याची. आठ पॉइंटात बसली.

चौथी गोष्ट अट नव्हती, प्रश्न होता, आणि तो आमच्याच घरात येऊन बसला. त्यांच्या कायदा विभागाने विचारलं, पत्रकावर तुमच्या लोगोला ® लावलं आहे, नोंदणी क्रमांक द्या. मी रजिस्ट्रीत आमचा अर्ज काढला. स्थिती दिसत होती `Objected`. म्हणजे परीक्षकाने हरकती काढल्या होत्या, त्यांना उत्तर द्यायचं होतं, नोंदणी अजून झालीच नव्हती. ® फक्त नोंदणी झालेल्या चिन्हाला लावता येतं. नोंदणी नसताना ते लावणं हा कायद्याने दंडनीय प्रकार आहे, आणि आम्ही ते तीन वर्षं लेटरहेडवर छापत होतो. कोणी विचारलं नाही म्हणून कोणाला कळलं नाही. ते बदलून ™ केलं, त्याला नोंदणी लागत नाही. लेटरहेडचे दोन गठ्ठे रद्दीत गेले आणि साहेबांनी दिवसभर माझ्याशी नीट बोलणं टाळलं, जणू मीच अर्ज अडवला होता.

त्याच ओघात दुसरा प्रश्न: त्यांनाही त्यांच्या वेबसाइटवर आमचा लोगो टाकायचा असेल, तर तो नक्की तुमच्या मालकीचा आहे ना? लोगो साहेबांच्या भाच्याने काढला होता, डोंबिवलीत राहतो, तेव्हा कॉलेजात होता. पैसे दिले होते, बिल नव्हतं, कागद नव्हता. बाहेरच्या माणसाने काढलेल्या लोगोचा कॉपीराइट, लेखी काही ठरलं नसेल तर, साधारणपणे काढणाऱ्याचाच राहतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप आपल्याकडे येत नाही. हस्तांतर लेखी हवं, त्यावर सही हवी, आणि मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांचं धरलं जातं. भाच्याने हसत सही केली, ‘मामा, मला वाटलं काहीतरी भानगड झाली.’ मुदत म्हणून आम्ही कॉपीराइटचा संपूर्ण काळ असं लिहिलं. एक पान, पंधरा मिनिटं. पण समोरच्याने विचारलं नसतं तर तो कागद आजही झाला नसता.

शुक्रवारी चौथी आवृत्ती पाठवली. फाइलच्या नावात आवृत्ती आणि तारीख घातली, आणि मेलमध्ये लिहिलं की मंजुरी याच फाइलला मागत आहोत. हे मी प्रिंटरकडून शिकले. त्याच्याकडे दर आठवड्याला एखादं गिऱ्हाईक येतं ज्याने मंजुरी एका फाइलला घेतलेली असते आणि छापायला दुसरी दिलेली असते. पहिल्या परिच्छेदात मी प्रत्येक अट आणि तिचं काय केलं ते एकेका ओळीत दिलं, म्हणजे बाईंना सहा पानं शोधत बसायला लागू नये. मालक कंपनीच्या संमतीचं पत्रही त्यांनी सोमवारी सकाळी पाठवलं. एक पान होतं, आमच्या बाजूने साहेबांची सही हवी होती. दुपारी बारा वाजता अंतिम मंजुरी आली: ‘जोडलेल्या आवृत्ती ४ ला मंजुरी, ३,००० छापील प्रती, ३१ मार्चपर्यंत.’ चार दिवस होते. तासाभरात फाइल तुर्भ्याला पोचली.

आणि संध्याकाळी साडेपाचला साहेबांचा फोन, सर्व्हिसचा मोबाइल नंबर बदललाय, शेवटच्या पानावर तेवढा बदल. लोगोशी काही संबंध नाही, दहा आकडे बदलायचे. माझा हात फोनवर गेला होता की प्रिंटरला सांगून टाकावं. पण तो नंबर त्याच पट्टीत होता जिथे त्यांचा लोगो होता, आणि मंजुरी ‘आवृत्ती ४’ ला होती. मी आवृत्ती ४-अ पाठवली, बदललेल्या जागेवर बाण दाखवला, बाकी काही बदललं नाही असं लिहिलं. चाळीस मिनिटांत ‘ओके’ आलं. बाईंना एका नजरेत काय बदललं ते दिसत होतं, म्हणून चाळीस मिनिटं लागली, चार दिवस नाही.

प्लेट निघाली, प्रूफवर निळा थोडा जांभळट दिसला तेव्हा प्रिंटरने शाई जरा कमी केली, गुरुवारी रात्री गठ्ठे रबाळ्याला आले. पहिला दिवस मस्त गेला. पाचशेच्या वर प्रती गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टॉलवर आमचा विक्रीचा मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘ताई, पीडीएफ पण टाकली मी, आपल्या सगळ्या सोसायटी ग्रुपवर.’ मी त्याच्या मोबाइलमध्ये पाहिलं. कोलशेत, मानपाडा, ऐरोली, घणसोली, अकरा ग्रुप. मंजुरीच्या मेलमध्ये ‘छापील प्रती’ असं लिहिलं होतं, आणि ते मीच तसं मागितलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक फिरणार हे लहान पोरालाही कळलं असतं. मला मागताना सुचलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून परत घेणं जमेल तिथे घेतलं, बाकी ठिकाणी जमणार नव्हतं. मी स्टॉलच्या मागे खुर्चीवर बसून मेल लिहिला: झालं काय, कुठे गेलं, किती ग्रुप, आणि हीच फाइल पीडीएफ म्हणून ३१ मार्चपर्यंत पाठवण्याची परवानगी मागते. लपवलं असतं तर बहुतेक कोणाला कळलंही नसतं, पण ठाण्याचे सर त्या अकरातल्या दोन ग्रुपमध्ये होते. सोमवारी उत्तर आलं: पीडीएफला परवानगी, पण फाइलवर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ अशी ओळ टाकून, आणि पुढच्या वेळी डिजिटल वापर सुरुवातीलाच लिहावा.

छापील प्रती साधारण सहाशे उरल्या. त्या कपाटात खालच्या खणात आहेत, गठ्ठ्यावर मी मार्करने तारीख लिहून चिकटपट्टी लावली आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विक्रीचा तोच मुलगा त्यातल्या पन्नास मागायला आला होता, कल्याणच्या एका मीटिंगसाठी. मी त्याला लोगोशिवायचं पत्रक दिलं.